‘वरून + खालून − १’ पुरेसं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

रांगेतल्या क्रमांकांच्या प्रश्नांना कधीकधी दोन उत्तरं येतात, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली: “सर, साध्या प्रकरणाचा उगाच घोळ घातलाय. रांगेच्या प्रश्नांना ‘वरून + खालून − १’ एवढं एकच सूत्र पुरतं. दोन उत्तरांची भीती घालून पोरांना कशाला गोंधळवता? तिसऱ्या उदाहरणात आकडाही चुकलाय. लेखही लांबलाय.”

तिसऱ्या उदाहरणातला आकडा चुकला होता, दुरुस्त केलाय, आभार. लांबीबद्दल काही बोलत नाही. पण ‘उगाच घोळ’ आणि ‘भीती घालून’ हे शब्द मला लागले. मतभेद सरळ भाषेत मांडता आला असता.

‘एकच सूत्र पुरतं’ म्हणता, तर हा प्रश्न घ्या. रांगेत अमोल डावीकडून १६वा, सीमा उजवीकडून १८वी, दोघांमध्ये ५ जण. एकूण किती? तुमच्या सूत्राने ३३ येतात आणि ते साफ चूक आहे. सूत्रातला १ का वजा होतो, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय का? एकच मुलगा वरून १२वा आणि खालून २०वा असेल, तर ३२ मध्ये तो दोनदा मोजला जातो, म्हणून ३१. वजा करायचं ते दोनदा मोजलेल्यांना. ते दर वेळी एकच जण असतील असं नाही.

अमोल डावीकडे आणि सीमा उजवीकडे असेल, तर कुणीच दोनदा मोजलं जात नाही: १६ + ५ + १८ = ३९. पण सीमा अमोलच्या डावीकडे उभी असेल तर? मग ती दोघं आणि मधले ५, असे ७ जण दोन्हीकडून मोजले गेले. ३४ − ७ = २७. पडताळून पाहा: २७ जणांत उजवीकडून १८वी म्हणजे डावीकडून १०वी. १० आणि १६ यांच्यामध्ये बरोबर ५ जण.

म्हणजे ३९ही खरं आणि २७ही खरं. ‘कमीत कमी किती’ विचारलं तर २७. नुसतं ‘एकूण किती’ विचारलं आणि कोण कुठल्या बाजूला हे दिलं नसेल, तर ‘माहिती अपुरी’ हा पर्याय. मी स्वतः एका भरती परीक्षेत असाच प्रश्न पाहून धडाधड ३९ला गोल केला होता, कारण क्लासमध्ये सूत्र पाठ करून घेतलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. यादीत एका गुणाने राहिलो. त्यानंतर अकरा वर्षं पोरांना शिकवतोय, म्हणून मला ‘गोंधळवता’ म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा होतात.

दुसरी शक्यता दर वेळी असतेच असंही नाही, तेवढं मूळ लेखात राहून गेलं. वरच्याच प्रश्नात मध्ये १५ जण असते, तर सीमा डावीकडून १६ − १५ − १, म्हणजे शून्याव्या जागी जाते. तशी जागा नसते, म्हणून तिथे ४९ हे एकच उत्तर. मधले १४ असले तर सीमा पहिली येते, म्हणजे दोन्ही उत्तरं शक्य. मधल्यांची संख्या लहान क्रमांकापेक्षा निदान २ने कमी आहे का, एवढं आधी बघायचं.