सहा पडला आणि सोंगटीही मारली, तरी जादा दान एकच का?

«लेख वाचून तुमचा लुडो गेम टाकला, चौघं एका फोनवर खेळलो. मला सहा पडला, त्याच चालीत हिरवी सोंगटी मारली, तरी जादा दान एकच मिळालं, दोन मिळायला हवी होती ना. नंतर लागोपाठ तिसरा सहा आला तर आधीच्या चाली तशाच ठेवून नुसता टर्न काढून घेतला, हा कुठला नियम? मधेच टर्न आपोआप पुढच्याकडे जातो. आणि फासा तर फिक्सच वाटतो, एकाला कितीतरी वेळ सहा आलाच नाही. टर्नचं लॉजिक परत लिहा.»

नमस्कार, दोन दानांचं आधी घेतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं.

सहाचं एक दान आणि मारल्याचं एक दान, अशी बेरीज करायची म्हटलं तर प्रोग्रॅममध्ये शिल्लक दानांचा एक आकडा ठेवावा लागतो. दान टाकलं की एक कमी करायचा, सहा आला, सोंगटी मारली किंवा घरात गेली की एक वाढवायचा. ऐकायला सोपं आहे, पण आता तुमचीच केस चालवून बघू. लाल सोंगटी स्वतःच्या वाटेवर १२ वर आहे, सहा पडला, ती १८ वर गेली. हिरव्याची सुरुवात लालच्या १३ घरं पुढे असते, म्हणजे स्वतःच्या वाटेवर ५ घरं चाललेली हिरवी सोंगटी लालच्या मोजणीत १३ अधिक ५, १८ वरच उभी आहे. ते घर सेफ नाही, हिरवी मेली. तुमच्या हिशोबाने आता शिल्लक दोन दानं. पुढचं दान परत सहा, एक वापरलं एक मिळालं, शिल्लक दोनच. त्यापुढचं पण सहा, हा तिसरा, तो बाद. पण शिल्लक अजून एक दान आहे! त्याचं काय करायचं? ते सहामुळे मिळालेलं की मारल्यामुळे? सहाचं म्हणाल तर गेलं, मारल्याचं म्हणाल तर खेळाडू हक्काने मागणार, आणि दिलं आणि त्यावर परत सहा पडला तर तो चौथा धरायचा की पहिला? चारजण फोनभोवती बसलेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असणार, आणि दरवेळी ते उत्तर ज्याच्या त्याच्या फायद्याचं असणार हे सांगायला नकोच.

म्हणून मी आकडा ठेवलाच नाही. चाल पूर्ण झाली की एकच प्रश्न विचारायचा, याला परत फासा द्यायचा का, हो किंवा नाही. कारण एक असो नाहीतर तीन, उत्तर «हो» एकदाच.

```
if (finished(p)) nextPlayer();
else if (die === 6 || captured || reachedHome) rollAgain(p);
else nextPlayer();
```

यातली पहिली ओळ पहिलीच राहू द्या, खाली सरकवू नका. ज्याची चौथी सोंगटी घरात गेली त्याला घर गाठल्याचं जादा दान लागू होतं, पण त्याच्याकडे हलवायला काहीच उरलेलं नसतं. तपासणी उलट्या क्रमाने केली तर जिंकलेल्या माणसाकडेच फासा जातो आणि तो स्वतःच्या विजयावर खूश होऊन उठून गेलेला असतो, बाकीचे तिघे स्क्रीनकडे बघत बसतात.

आता तिसरा सहा. सहांची मोजणी वेगळी आहे आणि ती जादा दानाशी बांधलेली नाही, हे महत्त्वाचं. सहा आला की मोजणी एकाने वाढते, दुसरं काहीही पडलं की शून्य, आणि टर्न बदलला की पण शून्य. म्हणजे सहा, मग चारवर एखाद्याला मारलं, मग जादा दानात परत सहा, तर हा सहा पहिलाच, कारण मधे चार पडला. जादा दानं मोजून तीन सहा पकडायला गेलं तर हा बिचारा उगाच अडकतो. आणि तिसऱ्या सहाची तपासणी फासा थांबल्याबरोबर होते, सोंगटी निवडायला देण्याच्या आधी, त्यामुळे तो सहा वरच्या कोडपर्यंत पोचतच नाही.

आधीच्या दोन चाली मागे घ्यायला हव्यात असं तुम्हाला वाटतं, तसं खेळणारे लोक आहेत, नाकारत नाही. पण लुडो दोन पद्धतींनी खेळतात. एकात आधी सगळी दानं टाकून घ्यायची, सहा, सहा, चार असं, आणि मग ती पाहिजे त्या सोंगट्यांना वाटायची. तिथे तीन सहा आले की सगळं रद्द हा नियम एकदम चोख बसतो, कारण तोवर पटावर काही हललेलंच नसतं. दुसऱ्या पद्धतीत, जी मी घेतलीय, प्रत्येक दानानंतर लगेच चाल होते. इथे रद्द करायचं म्हणजे तुमची हिरवी सोंगटी जिवंत करून परत १८ व्या घरात ठेवायची, लाल १२ वर आणायची, दुसऱ्या सहाने जे काही झालं तेही उलटं फिरवायचं. प्रोग्रॅमला हे अवघड नाही, टर्न सुरू होताना सोळाही सोंगट्यांच्या जागांची कॉपी ठेवली की झालं. अवघड माणसांना आहे. एकाच फोनवर चौघं बघत असताना मेलेली सोंगटी अचानक उठून बसली की त्यातल्या दोघांना तरी गेम बिघडला असंच वाटतं. त्यामुळे एका पद्धतीचा नियम दुसऱ्या पद्धतीत घुसवायचा नाही असं ठरवलं. पहिली पद्धत पूर्णच हवी असेल तर ती सेटिंगमध्ये वेगळा प्रकार म्हणून देता येईल, पण मग दानं वाटायची वेगळी स्क्रीन लागते, नुसतं एक टिकमार्क टाकून भागत नाही.

टर्न आपोआप जातो ते बहुतेक वेळा चाल नसते म्हणून. माझ्या मोजणीत सुरुवातीचं घर ० आहे, ५० पर्यंत बाहेरची वाट, ५१ ते ५५ आपल्या रंगाची गल्ली, ५६ म्हणजे घर, आणि घरात जायला नेमकं दान लागतं. समजा तुमची एक सोंगटी ५३ वर आहे, बाकी तिन्ही अजून बंद, आणि पडले पाच. ५३ वाल्याला तीनपर्यंतच चालतं, बंद असलेल्यांना सहा पाहिजे, म्हणजे हलवण्यासारखं काही नाही. अशा वेळी खेळाडूला टॅप करायला लावण्यात अर्थ नाही म्हणून गेम स्वतःच पुढे जातो, पण त्याआधी पडलेलं दान सेकंदभर तसंच दाखवतो आणि «चाल नाही» असं लिहून येतं. फोन टेबलवर मधे ठेवलेला असेल तर समोरच्याला ते उलटं दिसतं, म्हणून ते ज्याचा टर्न आहे त्याच्या बाजूला वळवून दाखवलंय. हेच ५३ वर असताना, बाकीच्या तिघी घरात पोचलेल्या आणि पडला सहा, तर चाल नाही पण सहा तर आहे, तिथे मी परत फासा देतो, आणि तो सहा मोजणीतही धरतो. यावर मतभेद होऊ शकतात, मला तरी सहा पडूनही टर्न जाणं जास्त खटकतं.

याच मोजणीत मारण्याची एक गंमत लपलेली आहे, तुम्ही स्वतः लिहायला घेतलात तर उपयोगी पडेल. दोन सोंगट्या एकाच घरात आहेत का हे बघायला प्रत्येकीच्या आकड्यात तिच्या रंगाचे ०, १३, २६ किंवा ३९ मिळवून ५२ ने भागतात आणि बाकी बघतात. पण हे ५० पर्यंतच खरं. गल्लीत ५४ वर असलेल्या हिरव्या सोंगटीला तेच गणित लावलं तर ६७, बाकी १५, आणि बाहेर १५ वर निवांत उभी असलेली लाल सोंगटी कोणी न शिवता मरते. हे खेळताना क्वचितच दिसतं आणि दिसलं तर कुणाला कळत नाही काय झालं ते, म्हणून ५० च्या पुढच्यांना मारामारीतून आधीच बाहेर काढायचं.

फाशाचं बोलू. सहा न येण्याची शक्यता प्रत्येक दानाला सहात पाच. सलग दहा दानांत एकदाही न येण्याची शक्यता साधारण १६ टक्के, हे एका माणसाचं झालं. चौघांपैकी निदान एकाला तरी पहिल्या दहा दानांत सहा न येण्याची शक्यता निघते जवळपास ५० टक्के. म्हणजे दर दोन डावांमागे एका डावात कोणीतरी एक रडका असणारच, आणि तो फासा फिक्स आहे म्हणणारच, त्याचं चुकत नाही, त्याच्या जागी बसून तसंच दिसतं.

खरोखर बिघडलेला फासा मात्र असतो, आणि तो असा लिहिला जातो:

```
Math.round(Math.random() * 5) + 1   // चूक
Math.floor(Math.random() * 6) + 1   // बरोबर
```

वरच्या ओळीत २, ३, ४, ५ हे प्रत्येकी २० टक्के वेळा येतात, आणि १ व ६ फक्त १० टक्के, कारण राउंड करताना दोन्ही टोकांच्या वाट्याला अर्धाच पट्टा येतो. लुडोत नेमका सहाच महत्त्वाचा, त्यामुळे सगळा डाव रखडतो. ओळखायचं असेल तर फासा प्रोग्रॅममधूनच सहा लाख वेळा टाका, बरोबर असेल तर प्रत्येक आकडा लाखाच्या आसपास येईल, काहीशेचा फरक चालतो, आणि चुकीचा असेल तर सहा ६० हजारांवरच अडकलेला दिसेल. माझ्या कोडमध्ये खालची ओळ आहे, सोर्समध्ये `rollDie` बघा. बरेच दिवस सहा आला नाही की गुपचूप देऊन टाकायचा, हे मुद्दामच केलेलं नाही, एकाला दिलेली ती मदत बाकी तिघांच्या सोंगट्यांवर जाऊन पडते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण चौघांत एक फोन असला की येतेच. दान फाशावर टॅप होतं त्याच क्षणी ठरतं आणि लगेच सेव्ह होतं, गरगर फिरणं नंतरचा नुसता देखावा आहे. फिरत असताना कोणी परत कितीही टॅप केलं तरी गेम ते घेत नाही, कारण तेव्हा तो दानाची वाट बघत नसतो, सोंगटीची वाट बघत असतो. दान फिरून झाल्यावर सेव्ह केलं असतं तर फोन हातात असलेल्या माणसाला नको ते दान दिसायला लागताच ऍप बंद करून परत उघडता आलं असतं. आता उघडलं तरी तेच दान, त्याच्याच नावावर.