मोहरम आणि आषाढी एकादशी : कॅलेंडर उघडा आणि मोजा

"मोहरम म्हणजे मुस्लिमांचं हॅप्पी न्यू इयर. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी तो बरोबर आषाढी एकादशीलाच कसा आला? मौलवी बसून तारीख ठरवतात. सौदीत 5 जुलैला, इथे 6 ला, हा घ्या पुरावा. पुढे पाठवा."

हा मेसेज आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. मामा माळकरी आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात मोहरमची सवारी निघाली की पहिला नारळ त्यांच्या घरचा असतो. त्यांनासुद्धा हे खरं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

मामा, भिंतीवरचं 2025 चं कॅलेंडर काढा. ज्येष्ठ अमावास्या 25 जूनला आहे आणि ती दुपारी चारच्या सुमारास संपली. आपल्याकडे तेव्हा सूर्य सातच्या आसपास मावळतो. म्हणजे त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम तीन तासांचा होता. एवढी कोवळी कोर कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, 26 ला, प्रतिपदेच्या संध्याकाळी तोच चंद्र सत्तावीस तासांचा झाला आणि दिसला. चंद्र दिसला की मागचा महिना संपतो आणि नवा लागतो. म्हणून 27 जूनला मोहरमची पहिली तारीख आणि हिजरी 1447 चा पहिला दिवस. त्या दिवशी आपली तिथी होती आषाढ शुद्ध द्वितीया. आपण ज्या दिवसाला मोहरम म्हणतो तो म्हणजे या महिन्याची दहा तारीख, आशुरा. आता बोट ठेवून दहा मोजा. 6 जुलै येते. तिथी एकादशी.

यात कोणी काय ठरवलं? दोन्ही महिने एकाच अमावास्येपासून धरले जातात. आपण लगेच प्रतिपदा मोजतो, ते कोर दिसेपर्यंत थांबतात, म्हणून त्यांची दहा तारीख आपल्या एकादशीच्या आसपास पडते. एकादशी, द्वादशी, कधी त्रयोदशी. हे दर वर्षी होतं, फक्त महिना आषाढच असेल असं नाही. 2019 आणि 2020 ला आशुरा भाद्रपदात, गणपती बसलेले असताना आला. 2021 आणि 2022 ला श्रावणात. 2023 ला 29 जुलैला, अधिक श्रावणातल्या एकादशीला.

महिना मागे का सरकतो, तेही मामांना सांगायची गरज नाही, कारण धोंड्याचा महिना त्यांच्या घरी पाळतात. चंद्राचे बारा महिने 354 किंवा 355 दिवसांत संपतात. आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. हिजरी वर्षात तो घालतच नाहीत. कुराणाच्या नवव्या सूरहमध्ये, तौबामध्ये, 36 व्या आयतीत महिने बाराच असं आहे आणि 37 व्या आयतीत पवित्र महिने मागेपुढे करण्यालाच कुफ्र म्हटलं आहे. मोहरम त्या चार पवित्र महिन्यांपैकी एक. ज्या धर्मग्रंथात महिना सरकवायलाच मनाई आहे, त्याचे मौलवी आषाढी बघून मोहरम सरकवतात, असं म्हणणाऱ्याने ही आयत तरी वाचायची होती.

सौदीचं म्हणाल तर तारखा वेगळ्या होत्या हे खरं आहे. तिथलं उम्म-अल-कुरा कॅलेंडर आधीच गणिताने छापलेलं असतं. मक्केत सूर्यास्ताआधी अमावास्या संपली आणि चंद्र सूर्यानंतर मावळला की दुसऱ्या दिवशी नवा महिना, कोर दिसो न दिसो. 25 जूनला हे दोन्ही झालं, म्हणून त्यांचा मोहरम 26 ला लागला. आपल्याकडे हिलाल कमिटी चंद्र पाहिल्याची साक्ष घेऊन जाहीर करते, आणि मौलवींचं काम तेवढंच. ढग असले, कुठूनच साक्ष आली नाही, तर तीस दिवस पुरे करतात. महिना 29 चा की 30 चा, एवढाच फरक पडू शकतो. छापील सुट्टी कधी कधी बदलते ती यामुळेच.

आणि "हॅप्पी न्यू इयर"? वर्ष मोहरमला लागतं, एवढं बरोबर. पण हिजरी 61 च्या दहा मोहरमला, 10 ऑक्टोबर 680 रोजी, करबलामध्ये इमाम हुसेन मारले गेले. शिया त्या दिवशी मातम करतात, सुन्नींमध्ये बरेच जण नऊ-दहा किंवा दहा-अकराचा रोजा धरतात. गावात आदल्या रात्रीला कत्लची रात म्हणतात, कारण त्यांचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. त्या दिवशी फटाक्यांचे स्टिकर पाठवू नका.

मागच्या वर्षीच्या तारखेतून सरळ अकरा दिवस वजा करा, असंही कोणीतरी त्या मेसेजखाली लिहिलं आहे. 17 जुलै 2024 वरून 6 जुलै 2025 जमतं. पण 29 जुलै 2023 वरून 17 जुलै 2024 ला बारा दिवस जातात, कारण मध्ये 29 फेब्रुवारी आली. अंदाजाला ठीक, नक्की तारखेला अमावास्याच बघावी लागते.

2026 चं बघा. ज्येष्ठ अधिक आहे. 15 जूनला अमावास्या सकाळी साडेआठच्या आत संपते, संध्याकाळी चंद्र साडेदहा तासांचा, दिसणार नाही. 16 ला दिसायला हवा. 17 ला मोहरमची पहिली, 26 जूनला आशुरा. तिथी निज ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, निर्जला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. आषाढी त्यानंतर जवळपास महिन्याने.