फ्रेमवर्कच्या त्या चार ओळी पाठ करून मार्क मिळत नाहीत

"फ्रेमवर्कची थिअरी म्हणजे नुसतं पाठांतर. चार ओळी लक्षात ठेवा. रेलेव्हन्स म्हणजे फेअर व्हॅल्यू, फेथफुल रिप्रेझेंटेशन म्हणजे आकडा अचूक, ॲक्रुअल म्हणजे पैसे न येताही नफा दाखवणं आणि गोइंग कन्सर्न म्हणजे कंपनी बंद पडणार नाही. एवढं लिहिलं की मार्क फिक्स."

सीएच्या दर अटेम्प्टच्या आधी अकाउंटिंगच्या कन्सेप्च्युअल फ्रेमवर्कबद्दल हा मेसेज फिरतो आणि पोरं खरंच पेपरात तसंच लिहून येतात. चारही ओळी चुकीच्या आहेत, आणि नुसत्या शब्दांत नाही तर मुळात अर्थानेच. एकच उदाहरण घेऊन सगळं बघू. समजा कोल्हापूरची एक पंप बनवणारी कंपनी आहे, इंड एएस लागू आहे, वर्ष ३१ मार्चला संपतं.

पहिली ओळ. रेलेव्हंट माहिती म्हणजे जी वाचून गुंतवणूकदाराचा किंवा कर्ज देणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो अशी माहिती, म्हणजे पुढचा अंदाज बांधायला उपयोगी पडते, नाहीतर आधी बांधलेला अंदाज बरोबर होता का चूक ते दाखवते, नाहीतर दोन्ही. यात मेजरमेंटची कुठलीच पद्धत ठरवून दिलेली नाही. आता कंपनीचं फाउंड्रीतलं मशीन घ्या. पुस्तकात ३० लाखांना आहे आणि बाजारात विकायला गेलात तर १२ लाख येतील. पण कंपनीला ते विकायचंच नाहीये, अजून सहा वर्षं त्यावर पंपाची बॉडी ओतायची आहे आणि त्यातून मिळणारी व्हॅल्यू इन यूज ३० लाखांच्या वर आहे, त्यामुळे इम्पेअरमेंटपण नाही. मग बँकेच्या माणसाला १२ लाख कळून काय उपयोग? त्याच कंपनीने जास्तीचे पैसे म्युच्युअल फंडात टाकलेत, तिथे मात्र आजची एनएव्ही हीच कामाची माहिती, दोन वर्षांपूर्वी काय भावाने युनिट घेतले ते नाही. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या, म्हणजे आयएएसबीच्या, २०१८ च्या फ्रेमवर्कमध्ये हे स्पष्ट आहे: ॲसेट कसा आहे आणि त्यातून पुढे पैसा कसा येणार आहे, यावर कुठलं मेजरमेंट रेलेव्हंट ते ठरतं. प्रश्नात "डिस्कस" असेल तर एक्झॅमिनरला नेमकं हेच हवं असतं.

दुसऱ्या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो. फेथफुल रिप्रेझेंटेशनचे तीन भाग आहेत, माहिती पूर्ण, न्यूट्रल आणि एररशिवाय. हे "एररशिवाय" वाचलं की सगळे "अचूक" लिहून मोकळे होतात. पण फ्रेमवर्क स्वतःच सांगतं की याचा अर्थ प्रत्येक बाबतीत अचूक असा होत नाही. कंपनीने वर्षात १०,००० पंप विकले, एक वर्षाची वॉरंटी. आतापर्यंतच्या रेकॉर्डप्रमाणे शंभरातले तीन परत येतात आणि एकाच्या रिपेअरला ८०० रुपये लागतात, म्हणजे ३०० पंप, २,४०,००० ची प्रोव्हिजन. पुढच्या वर्षी प्रत्यक्षात खर्च झाला २,७५,०००. मग आधीचा आकडा चुकला का? नाही. तो अंदाज आहे हे सांगितलं होतं, कशावरून काढला ते सांगितलं होतं, पद्धत योग्य निवडली आणि नीट लावली, एवढं असेल तर ते फेथफुलच आहे. वरचे ३५,००० पुढच्या वर्षाच्या पी अँड एलला जातील, एस्टिमेटमधला बदल म्हणून.

आता हेच थोडं बदला. अकाउंट्स मंजूर व्हायच्या आधीच क्वालिटीवाल्यांचा रिपोर्ट आला होता की नव्या बेअरिंगच्या लॉटमुळे शंभरातले सहा परत येतायत, आणि तो फाईलमध्ये पडून राहिला. प्रोव्हिजन तीच २,४०,०००. आता मात्र ही एरर आहे, मटेरियल असेल तर मागचे आकडे रीस्टेट करावे लागतील. फरक ओळखायचा प्रश्न एकच, त्या वेळी हाताशी असलेली माहिती वापरली होती का नव्हती. आकडा नंतर किती हुकला यावरून ते ठरत नाही.

आणि कोणी म्हणेल सेफ साइड म्हणून ५ लाखांची प्रोव्हिजन करून टाकू, प्रूडन्स आहे ना. तर तेही चालत नाही. प्रूडन्स हा शब्द २०१० मध्ये काढला होता, २०१८ मध्ये परत आणला, पण अर्थ बांधून: अनिश्चितता असताना जजमेंट सावधपणे करा, मात्र ॲसेट मुद्दाम कमी किंवा लायबिलिटी मुद्दाम जास्त दाखवायची परवानगी नाही. कारण यंदा लपवलेला नफा पुढच्या वर्षी प्रोव्हिजन रिव्हर्स करून बाहेर येतो आणि मग दोन्ही वर्षं न्यूट्रल राहत नाहीत.

तिसऱ्या ओळीला तर आपली पंपाची कंपनीच उत्तर देते. वॉरंटीचा खर्च विक्रीच्या वर्षात धरला, पैसे पुढच्या वर्षी जाणार, म्हणजे ॲक्रुअलमुळे यंदाचा नफा २,४०,००० ने कमी झाला! अजून एक बघा. १ जानेवारीला एका कारखान्याने वर्षभराच्या मेंटेनन्सचे १,२०,००० ॲडव्हान्स दिले. पैसे पूर्ण बँकेत आले तरी ३१ मार्चपर्यंत उत्पन्न फक्त तीन महिन्यांचं, ३०,०००, आणि उरलेले ९०,००० लायबिलिटी, कारण सर्व्हिस अजून द्यायची आहे. व्यवहाराचा परिणाम ज्या काळात होतो त्या काळात तो दाखवायचा, पैसे कधी हलले ते बघायचं नाही, एवढंच ॲक्रुअल आहे, नफा वाढेल का घटेल याच्याशी त्याचा संबंध नाही. कॅश फ्लो स्टेटमेंट तेवढं याला अपवाद.

इथे एक पेपरापुरती गोष्ट सांगून ठेवतो. १९८९ च्या मूळ फ्रेमवर्कमध्ये ॲक्रुअल आणि गोइंग कन्सर्न दोन्ही अंडरलाइंग अझम्प्शन होते. आताच्यामध्ये तसं नाव फक्त गोइंग कन्सर्नला आहे, ॲक्रुअल पहिल्या चॅप्टरमध्ये वेगळं येतं. आयसीएआयच्या २००० च्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये मात्र ॲक्रुअल, गोइंग कन्सर्न, कन्सिस्टन्सी अशी तीन अझम्प्शन्स आहेत आणि फेथफुल रिप्रेझेंटेशन तिथे रिलायबिलिटीच्या पोटात येतं. त्यामुळे एएसचा प्रश्न असेल तर २००० चं लिहा, इंड एएसचा असेल तर आताचं, दोन्हीची खिचडी केली की मार्क जातात.

चौथी ओळ. गोइंग कन्सर्न हे गृहीतक आहे, गॅरंटी नाही. नजीकच्या भविष्यात कंपनी बंद करायचा इरादाही नाही आणि तशी वेळही आलेली नाही, असं धरून हिशेब मांडायचे. आणि मॅनेजमेंटने बघायचा काळ निदान बॅलन्स शीटच्या तारखेपासून बारा महिने, त्यापुढचं माहीत असेल तर तेही धरायचं.

मुख्य गोंधळ होतो तो मधल्या अवस्थेत. समजा आपल्या कंपनीची कॅश क्रेडिट लिमिट जूनमध्ये संपतेय, बँकेने रिन्यू करायला हो म्हटलेलं नाही, दुसऱ्या बँकेशी बोलणी चालू आहेत पण सही झालेली नाही. पोरं लगेच लिहितात की गोइंग कन्सर्न संपलं, सगळं विक्रीच्या किमतीला आणा. चूक! अकाउंट्स गोइंग कन्सर्न बेसिसवरच राहतात, फक्त मटेरियल अनसर्टन्टी नोटमध्ये स्पष्ट लिहावी लागते, नेमकं काय अडलंय आणि मॅनेजमेंट काय करतेय यासकट. बेसिस बदलतो तो मॅनेजमेंटनेच बंद करायचं ठरवलं तर, किंवा बंद करण्याशिवाय खराखुरा पर्यायच उरला नाही तर. आणि हे ३१ मार्चनंतर पण अकाउंट्स मंजूर व्हायच्या आधी झालं तरी बेसिस बदलावाच लागतो, इंड एएस १० मध्ये तसं सरळ लिहिलंय. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, वर्ष संपून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. अशा वेळी "३१ मार्चला तर विमानं उडत होती" एवढं कारण पुरत नाही, मंजुरीच्या दिवशी कंपनीपुढे कुठला रस्ता उरलाय तेच तपासावं लागतं.