लाळेच्या पुरळावर पावडर नको

"दात येताना अंगातली उष्णता लाळेवाटे निघते, म्हणून हनुवटी लाल होते. पावडर लावत राहा, कोरडं राहतं."

उष्णतेचा इथं काही संबंध नाही. लाळ सतत अंगावर राहिली की कातडी भिजून मऊ पडते आणि लाळेतल्या पाचक रसांनी चुरचुरते. त्यात आपण दर दोन मिनिटांनी पदर घासून पुसतो, मग ती सोलवटतेच. पावडर लाळेत भिजून तिचे गोळे होतात, ते मानेच्या वळीत घासतात. शिवाय तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते, हे जास्त वाईट.

माझ्या भाचीचं सात महिन्यांचं लेकरू अंबाजोगाईला असतं. त्याची हनुवटी अशीच लालभडक झाली होती. पावडर बंद केली. कोमट पाण्यात भिजवलेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं, साबण न लावता, लाळ नुसती टिपायची, पुसायची नाही. कातडी पुरती कोरडी झाली की बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, दूध पाजण्याआधी आणि झोपवताना. ओलं लाळेरं लगेच बदलायचं, हे मात्र घरात सगळ्यांनाच सांगावं लागलं. पाच-सहा दिवसांत लाली उतरली. लाळ चालूच होती, म्हणून जेलीही चालू ठेवली.

पण पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, ताप आला किंवा मानेच्या वळीत लालीभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर जेलीवर थांबू नका. तो जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.