डाउनलोड बंद केले म्हणजे यादी सुरक्षित झाली का?

"गुगल ड्राइव्हवरची फाईल शेअर करताना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करा. मग लिंक ग्रुपवर टाकली तरी लोक फक्त पाहतील, माहिती बाहेर जाणार नाही."

जे पडद्यावर दिसते, त्याची नक्कल करायला बटण लागत नाही. शेअरिंगच्या सेटिंगमधली जी खूण काढायला सांगितले जाते, तिच्यापुढे अनेक वर्षे `Viewers and commenters can see the option to download, print, and copy` असे वाक्य होते. म्हणजे तिथे पर्याय दिसण्या-न दिसण्याचीच गोष्ट आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने सोयाबीन खरेदीसाठी २४० सभासदांची यादी अशीच ग्रुपवर टाकली. त्यात नाव, गट क्रमांक, आधार क्रमांक आणि बँक खाते असे सगळे होते. मोबाईलच्या पडद्यावर एका वेळी वीसेक ओळी मावतात, म्हणजे बारा स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण यादी हाती येते. त्या चित्रांवरून आकडे उचलून देणारी सोय बहुतेक फोनमध्ये असते, आणि स्क्रीनशॉट कोणी घेतला हे मालकाला कळतही नाही. पर्याय बंद करण्यापूर्वी कोणी फाईल उतरवून घेतली असेल, तर तीही परत येत नाही.

तरीही ही खूण काढणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. गावातला माणूस यादी पाहायला सेवा केंद्रावर जातो, केंद्रचालक ती प्रिंटसाठी उतरवतो आणि माणूस घरी गेल्यावरही फाईल त्या संगणकाच्या `Downloads` फोल्डरमध्ये पडून राहते, जिथे पुढचा कोणीही ती उघडू शकतो. अशी नकळत राहणारी प्रत आणि एका क्लिकमध्ये होणारी नक्कल ही खूण काढल्याने खरोखर कमी होते. ठरवून माहिती नेणाऱ्याला मात्र ते अडवत नाही.

खरा धोका दुसऱ्याच ठिकाणी असतो. `Anyone with the link` ठेवले असेल, तर ग्रुपमधून पुढे गेलेली लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला यादी दिसते, मग डाउनलोड बंद असो वा चालू. शिवाय ज्याला `Editor` केले, तो मुळात मनाई न केल्यास इतरांनाही प्रवेश देऊ शकतो.

म्हणून आम्ही फाईलच दोन केल्या. ग्रुपवरच्या यादीत फक्त नाव, गाव आणि टोकन क्रमांक ठेवला. आधार व खाते क्रमांकांची फाईल वेगळी, `Restricted` ठेवून, हिशेब पाहणाऱ्या दोघांच्याच ईमेलवर दिली. आधारचे रकाने पहिल्याच फाईलमध्ये लपवून ठेवणे आम्ही टाळले, कारण लपवलेला रकानाही त्याच फाईलचा भाग असतो. नंतर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, कुठेही लॉगिन न करता, दुसऱ्या फाईलची लिंक टाकून पाहिली. तिथे यादी न दिसता साइन-इनची मागणी आली, तेव्हाच खरेदीचे काम सुरू केले.