हात म्हणजे किती?

नागपंचमीच्या मेहंदी बुकिंगचा मजकूर लिहायला मला मेहंदी काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मेहंदीत चुकलं तर बोटाने पुसून वर पान काढता येतं. मजकुरात एक शब्द चुकला की पंचमीच्या आदल्या रात्री दारात बायका उभ्या राहतात, आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर आपलाच मजकूर उघडा असतो.

तो घातकी शब्द म्हणजे ‘हात’. ‘अरेबिक, एका हाताचे शंभर’ असं लिहिलं, तर माझ्या मनात तळहात असतो आणि ताईंच्या मनात तळहात, मागची बाजू आणि जमलंच तर कोपरापर्यंतचा वेल. दोन हातांना चार बाजू असतात हे गणित शाळेत कुणी शिकवलेलं नाही. म्हणून आता मी ‘एक बाजू, मनगटापर्यंत’ असंच लिहिते. वाचायला रुक्ष वाटतं, पण भांडण होत नाही.

जागांचा हिशोब असा. सकाळी ११ ते रात्री ८ म्हणजे ५४० मिनिटं. जेवण-चहाची ४० वजा केली की ५०० उरतात. अरेबिकची एक बाजू १२ मिनिटांत होते: एक तिरका वेल, जाड रेघा, मध्ये मोकळी जागा. पण बसणं, बांगड्या वर सरकवणं आणि “थांबा, दुसरं डिझाइन दाखवते” यांची ८ मिनिटं धरावीच लागतात. म्हणजे एका बाजूला २० मिनिटं, दिवसात २५ जागा. भरीव मारवाडी काम, म्हणजे जाळी, मोर आणि बोटं पेरापर्यंत भरलेली, त्याच बाजूला दोन जागा खातं. दोन्ही हात, दोन्ही बाजू भरीव हवे असतील तर एकटी ताई आठ जागा घेऊन बसते. मजकुरात मी २२च जाहीर करते. उरलेल्या तीन “लेकराच्या हातावर नुसतं एक फूल काढा हो” यात जातात. फूल दोन मिनिटांचं असतं, लेकरू धरून ठेवणं दहा मिनिटांचं.

आता घरी येण्याचा खर्च. समजा लातूरहून औशाला बोलावणं आलं. अंतर वीसेक किलोमीटर, श्रावणाची रिपरिप, स्कूटीवर जायला ४० मिनिटं, यायला ४०. पेट्रोल शंभराच्या आसपास. पण ८० मिनिटं म्हणजे चार जागा, म्हणजे ४०० रुपये रस्त्यावर सांडले. म्हणून मी ५०० सांगते, आणि तिकडून लगेच येतं, “ताई, पाचशेत तर सोलापूर होतं.” चूक माझीच. ‘प्रवास खर्च’ लिहिलं की लोक मायलेज काढतात. ‘येण्याजाण्याचा वेळ आणि पेट्रोल’ लिहिलं की निम्मे तरी गप्प बसतात.

चौघींचे दोन्ही तळहात म्हणजे आठ बाजू, १६० मिनिटं. प्रवास धरून चार तास. मिळतात १३०० आणि घरी बसून त्याच वेळात झाले असते १२००. इथवर ठीक आहे. गोम अशी की चौघींच्या घरी पोचल्यावर अकरा निघतात. लेकी माहेराला आलेल्या, शेजारची सून आलेली. “एकेक हात फक्त!” सात एकेक हात म्हणजे १४० मिनिटं, तिकडे लातुरात सात जागा ताटकळतात. म्हणून घरच्या बोलावण्याला बाजूंचा आकडा आधी लिहून घ्यायचा आणि निम्मे पैसे आधी. पैसे आले नाहीत तर ती जागा भरलेली धरायची नाही. आणि कोन डिकीत टाकायचे नाहीत, उन्हाने तापले की रंग मरतो. बर्फाच्या डब्यातून न्यायचे आणि काढण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवायचे.

तरी खरा घोळ २५ जागांचा नाहीच. ११ ते ४ माझ्याकडे माशा असतात. पंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून आदल्या दिवशी बायकांना घरात उसंत नसते. मेहंदी लागली की सहा-आठ तास हात पाण्यात घालता येत नाही, मग भाकरी कोण थापणार? त्यामुळे सगळ्यांना स्वयंपाक उरकून सातची वेळ हवी. पाच ते आठमध्ये नऊच जागा बसतात. म्हणून दुपारी आलेल्यांना बाजूमागे २० रुपये कमी असं ठळक लिहिते. वाचून मेसेज येतो, “ताई, वीस कमी करा, पण येते साडेसातला. पाहुणे यायलेत.”