वसुली ११० टक्के? आधी कंट्रोल प्लॉट तपासू

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमच्या वसुलीच्या सूत्राने गणित केलं: खत दिलेल्या प्लॉटमध्ये पिकाने उचललेलं नत्र वजा खत न दिलेल्या प्लॉटमधलं, भागिले दिलेलं नत्र. हेक्टरी ८० किलो नत्र दिलेल्या प्लॉटमध्ये गव्हाचे ४८०० किलो दाणे (नत्र १.९ टक्के) आणि ६००० किलो काड (०.६ टक्के). काहीच न दिलेल्या प्लॉटमध्ये १८०० किलो दाणे (१.५ टक्के) आणि २४०० किलो काड (०.५ टक्के). वजनं १२ टक्के ओलाव्याची. नत्राची वसुली ११० टक्के आली! दिलेल्यापेक्षा जास्त नत्र पिकाने उचललं? सूत्रच चुकीचं आहे. तिसरा प्लॉट फक्त स्फुरद-पालाशचा होता, पण त्याचा इथे संबंध नाही म्हणून सोडला."

उत्तर:

आकडे सगळे दिलेत ते बरं झालं, नाहीतर अंधारात दगड मारावे लागले असते. तुमचा भागाकार बरोबर आहे. दाण्यातलं ९१.२ आणि काडातलं ३६ मिळून १२७.२ किलो, रिकाम्या प्लॉटचं ३९ किलो, फरक ८८.२. त्याला ८० ने भागलं की ११० टक्केच येतात. चूक वजाबाकीच्या आधी झाली आहे, आणि निम्मी माझी आहे. लेखात मी "खत न दिलेला प्लॉट" असं मोघम लिहिलं होतं. तिथे "नत्र न दिलेला, बाकी सगळं सारखं दिलेला प्लॉट" असं हवं होतं.

म्हणजे तुम्ही सोडलेला तिसरा प्लॉटच खरा कंट्रोल. रिकाम्या प्लॉटमध्ये स्फुरदही नव्हता. स्फुरद कमी पडला की मुळं खुरटतात, फुटवे कमी येतात आणि जमिनीत असलेलं नत्रही पिकाला उचलता येत नाही. तो प्लॉट वजा केला की स्फुरद-पालाशामुळे आलेलं उत्पादन आणि शोषणसुद्धा नत्राच्या खात्यावर जमा होतं. तिसऱ्या प्लॉटचे आकडे तुम्ही नंतर दुसऱ्या प्रतिक्रियेत टाकले आहेत: ३४०० किलो दाणे (१.७ टक्के) आणि ४४०० किलो काड (०.५ टक्के). शोषण ५७.८ अधिक २२, म्हणजे ७९.८ किलो. आता फरक ४७.४ आणि वसुली ५९ टक्के.

सस्य कार्यक्षमतेचंही तेच. १८०० वजा केले तर किलोभर नत्रामागे ३७.५ किलो जादा दाणे दिसतात. ३४०० वजा केले तर १७.५. शेतकऱ्याला सांगायचा आकडा दुसरा. पहिल्यात स्फुरदाची कमाई नत्राच्या नावावर गेली आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. प्रयोगशाळा नत्राचे टक्के सहसा भट्टीत वाळवलेल्या नमुन्यावर देते, आणि तुमची वजनं १२ टक्के ओलाव्याची. त्यामुळे पाण्यालाही नत्र लावलं गेलं. अहवाल कोरड्या वजनावर आहे का ते एकदा बघा. असेल तर सगळ्या शोषणांना ०.८८ ने गुणा: १११.९ वजा ७०.२ म्हणजे ४१.७ किलो, वसुली ५२ टक्के. सस्य कार्यक्षमतेला हा गुणाकार लावू नका. ती ठरावीक ओलाव्याच्या दाण्यांवरच सांगतात, फक्त सगळ्या प्लॉटांचा ओलावा सारखा हवा.

आता ५२ हा आकडा कितपत घट्ट धरायचा? दोन मोठ्या संख्यांच्या फरकावर तो उभा आहे. प्रत्येक प्लॉटच्या शोषणात स्वतंत्रपणे ५ किलोची चूक धरली (काड गोळा करताना पानं गळतात, एवढं सहज होतं), तर फरकात साधारण ७ किलोची चूक येते, म्हणजे वसुलीत ९ टक्के वरखाली. तीच चूक ४० किलो नत्राच्या प्लॉटमध्ये दुप्पट दिसली असती. म्हणून कमी मात्रेवर आलेल्या चकचकीत वसुलीकडे मी जरा संशयानेच बघतो. पुनरावृत्ती असतील तर आधी प्रत्येक ब्लॉकमधली वजाबाकी करा आणि मग सरासरी काढा. सरासरी तीच येईल, पण ब्लॉकाब्लॉकांतला पसारा डोळ्यांसमोर राहील. एखाद्याच ब्लॉकमध्ये वसुली शंभरावर असेल, तर तिथल्या कंट्रोलची जागा हलकी निघाली का ते तपासा. उलट वसुली फारच कमी आली, तर पाणी देताना शेजारच्या प्लॉटमधलं नत्र वाहत कंट्रोलमध्ये आलं का ते बघा. कंट्रोलच्या कडेच्या ओळी आतल्यांपेक्षा हिरव्यागार दिसत असतील तर बहुधा तेच झालं आहे.

हिशेब नीट करूनही ही वसुली "वरकरणी"च असते. दोन्ही प्लॉटमधलं पीक जमिनीचं नत्र सारखंच उचलतं असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खत मिळालेल्या पिकाची मुळं जास्त पसरतात आणि जमिनीचं नत्रही जास्त ओढतात. म्हणून नत्र-१५ समस्थानिकाने मोजलेली वसुली बहुतेक वेळा वजाबाकीच्या वसुलीपेक्षा कमी निघते. आणि उरलेलं ४८ टक्के सगळं वाया गेलं असंही नाही. काही मुळांत आणि सेंद्रिय पदार्थांत अडकून जमिनीत राहतं, काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेटच्या रूपात निचरतं. कुठे किती गेलं, ते या सूत्रातून कळत नाही.

ब्लॉकवार आकडे असतील तर इथेच टाका. मूळ लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त करतो.